जावळाच्या रडक्या फोटोखाली काय लिहावे?

जावळाच्या दिवशी घरात शे-दीडशे फोटो निघतात आणि संध्याकाळी सगळ्यांना हवा असतो तो त्यांतला एकच: मामाच्या मांडीवर बसलेले, अर्धे डोके गुळगुळीत झालेले आणि गालांवरून धारा वाहत असलेले मूल. हा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकताना खाली काय लिहावे, हे मात्र चटकन सुचत नाही. मग एक तर सोळा संस्कारांची माहिती देणारा परिच्छेद लिहिला जातो आणि तो रडक्या फोटोशी जुळत नाही, नाही तर ‘आमचा टकलू’ असे लिहून दात काढणारी चित्रे टाकली जातात आणि आजीला ते आवडत नाही. गेल्या फेब्रुवारीत नागपूरला माझ्या भावाच्या मुलाचे जावळ झाले, तेव्हा फोटोखालच्या ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्याची एकुलती एक आत्या आहे आणि त्या दिवशी केस झेलण्यासाठी पदर माझाच पसरलेला होता. त्या ओळी तिसऱ्या खेपेला जमल्या. त्या कशा जमत गेल्या हे क्रमाने सांगते, म्हणजे पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्यांना हाताशी काही तरी असेल.

पहिली पायरी: त्याच दिवशी टिपण करा

लेखणीचे काम फोटो निवडण्याच्याही आधी सुरू होते. मूल तिसऱ्या वर्षात असेल, तर ते रडताना काही ना काही बोलतेच आणि ते शब्द दुसऱ्या दिवशी कोणालाही जसेच्या तसे आठवत नाहीत. आई म्हणते, ‘नको नको म्हणाला’, मामा म्हणतो, ‘घरी चला म्हणाला’, आणि मूळ वाक्य हरवून जाते. म्हणून विधी आटोपून मूल आंघोळीला गेले, की लगेच फोनमध्ये चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: मूल नेमके काय बोलले, रडणे कोणत्या क्षणी सुरू झाले, कशाने थांबले, आणि त्या वेळी कोण काय करत होते. व्हिडिओ असला तरी हे टिपण हवेच, कारण व्हिडिओत मशीनचा आवाज आणि बायकांचे ‘झालं झालं, संपलं’ यांखाली मुलाचे बोलणे दबून जाते.

माझ्या टिपणातल्या ओळी अशा होत्या: ‘मशीन कानाजवळ आले तेव्हा रडू सुरू. मामाचा अंगठा घट्ट धरला. पदरातले केस दिसले तेव्हा म्हणाला, आत्या, माजे केश लावून दे. डोक्यावर गंधाचे स्वस्तिक काढताना एकदम गप्प.’ एवढ्या टिपणावर पुढचे सगळे काम झाले.

दुसरी पायरी: रडणे कसले आहे ते पाहून फोटो निवडा

रडण्याचा प्रत्येक फोटो हसून पाहण्यासारखा नसतो. केस कापताना दुखत नाही, कारण केसाच्या दांड्यात मज्जातंतू नसतात. मूल रडते ते बहुतेक वेळा कानाजवळच्या घरघरीमुळे, अनोळखी माणसाने डोके धरल्यामुळे, मानेवर पडलेल्या बारीक केसांच्या खाजेमुळे किंवा मुहूर्त झोपेच्या वेळेवर आल्यामुळे. कारण फोटोतही दिसते. आवाजाने घाबरलेले मूल खांदे वर घेते आणि हात कानाकडे नेते, खाजेने वैतागलेले मूल मान आखडून घेते, झोपेला आलेल्या मुलाचे डोळे मिटलेले असतात आणि डोके एका बाजूला कललेले असते.

निवडावा असा फोटो तो, ज्यात मूल रडते आहे पण कोणी तरी त्याला धरले आहे, हे एका नजरेत कळते. मामाचा हात पोटाभोवती आहे किंवा आईचा हात पाठीवर आहे, तर पाहणारा निश्चिंत मनाने हसू शकतो. वस्तरा टाळूवर टेकलेला आहे आणि मूल मागे झुकून किंचाळते आहे, असा फोटो मी बाजूला ठेवते, कारण तो पाहताना काळजात धस्स होते आणि खाली लिहिलेली कोणतीही गंमत मग निष्ठुर वाटते. वस्तऱ्याने टाळूला जरासे खरचटले असेल, तर त्या वेळचा फोटो टाकूच नये. अंगावर कपडा नसलेला फोटो असेल, तर तो छातीपर्यंत कापून घ्यावा. केस चिकटू नयेत म्हणून जावळाला मुलाला पुष्कळदा उघडेच बसवतात, त्यामुळे ही काळजी इथे मुद्दाम घ्यावी लागते.

आमच्याकडे तीन फोटो शेवटपर्यंत राहिले. एकात तो मामाकडे वळून रडत होता, दुसऱ्यात सरळ कॅमेऱ्याकडे पाहून. तिसऱ्यात डोक्याची उजवी बाजू स्वच्छ, डावीकडे अजून कुरळे केस, गालावर अश्रूला चिकटलेली केसांची एक बट, आणि त्याचे बोट माझ्या पदराकडे रोखलेले. मोठ्या भावाला कॅमेऱ्याकडे पाहणारा फोटो हवा होता, कारण त्यात चेहरा पूर्ण दिसत होता. मी तिसरा धरून ठेवला, कारण त्यातल्या बोटाला सांगण्यासारखे काही होते.

तिसरी पायरी: विधीला कोणत्या नावाने हाक मारायची ते ठरवा

इथे नवखे लोक सर्वांत जास्त अडखळतात. घरात आपण ‘जावळ’ म्हणतो, तोच शब्द लिहावा. जन्मापासूनचे, गर्भातून आलेले केस म्हणजे जावळ, आणि ते काढण्याचा विधीही जावळच. ‘जावळ काढले’, ‘जावळ झाले’ किंवा ‘जावळ उतरवले’ असे लिहिता येते. गुरुजींना बोलावून होम केला असेल, तर ‘चौल’ किंवा ‘चूडाकर्म’ हे शब्द शोभतात. घरच्या घरी औक्षण करून केस काढले असतील, तर त्यांची गरज नसते. नागपुरात शेजारपाजारच्या हिंदी बोलण्यामुळे ‘मुंडन’ हा शब्द सर्रास कानावर पडतो आणि तो चुकीचा नाही, पण आपल्या घरात कोणी तो वापरत नसेल, तर फोटोखाली तो परका दिसतो.

एक शब्द मात्र कटाक्षाने टाळावा, आणि तो म्हणजे ‘केशवपन’. शब्दार्थ केस काढणे एवढाच आहे, पण मराठी वाचणाऱ्याला त्यातून विधवांवर लादलेली ती जुनी रूढी आठवते. ‘क्षौर’ या शब्दालाही उत्तरक्रियेची छाया आहे. संस्कृत शब्द वजनदार वाटला म्हणून उचलला आणि मुलाच्या आनंदाच्या दिवशी भलतीच आठवण जागी केली, असे होऊ नये.

विधी किती सांगावा, याचेही एक माप आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात चौल तिसऱ्या वर्षी करावे असे सांगून लगेच ‘यथाकुलधर्मं वा’, म्हणजे किंवा आपल्या कुळाच्या रीतीप्रमाणे, अशी मोकळीक दिली आहे. ही मोकळीक लिहिणाऱ्यालाही लागू पडते. कोणाकडे पहिल्या वर्षाच्या आत विषम महिना धरतात, कोणाकडे तिसरे वर्ष. कोणाकडे केस पोळीवर घेतात, कोणाकडे आत्याच्या पदरात. कोणी रामटेकला किंवा धापेवाड्याला जाऊन करतात, कोणी अंगणात पाट मांडून. ‘हिंदू धर्मात असे मानले जाते की’ ही सुरुवात कोणाच्याही फोटोखाली बसते आणि म्हणूनच तुमच्या फोटोखाली बसत नाही. तुमच्या घरी जे झाले त्यातली एखादी रीत लिहिली की विधी पुरेसा सांगून होतो.

जावळ काढल्याने केस दाट येतात, असे मात्र लिहू नये. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि वरून वस्तरा फिरवल्याने ते बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून नवे केस हाताला भरड लागतात आणि दाट झाल्यासारखे वाटतात, इतकेच.

चौथी पायरी: विधी आणि अश्रू यांना जोडणारी एक वस्तू शोधा

ही पायरी जमली की बाकीचे आपोआप होते. परंपरा आणि गंमत ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून जुळत नाहीत. त्यांना जोडायला अशी एखादी वस्तू किंवा कृती लागते, जी विधीतही आहे आणि रडण्यातही आहे. मामाची मांडी ही अशी पहिली जागा आहे. मामाने भाच्याला मांडीवर घ्यायचे ही रीत आहे आणि घाबरलेले मूल बिलगते तेही त्याच मांडीला. आत्याचा पदर ही दुसरी. औक्षणाचे ताट, मामाने आणलेला नवा अंगरखा, टाळूवरचे गंध याही अशाच जागा असू शकतात.

या दोन्ही गोष्टी मुळात दूरच्या नाहीतच. चौलाच्या विधीत केसांत दर्भ ठेवून म्हणायचे एक छोटे वाक्य आहे, ‘ओषधे त्रायस्वैनम्’, आणि मग शस्त्राला उद्देशून ‘स्वधिते मैनं हिंसीः’. हे वनस्पती, याचे रक्षण कर. हे शस्त्रा, याला इजा करू नकोस. आमच्या गुरुजींनी हा अर्थ सांगितला, तेव्हा माझ्या वहिनीच्या डोळ्यांत पाणी आले. मुलाच्या मनात जी भीती आहे तीच त्या मंत्रातही आहे, आणि मोठी माणसे त्याच्या वतीने वस्तऱ्याला विनवत आहेत. हे एकदा लक्षात आले, की रडणे विधीच्या आड आलेली अडचण वाटत नाही आणि त्यावर लिहिलेल्या ओळीत आपोआप माया उतरते. हे वाक्य फोटोखाली वापरायचे असेल, तर अर्थासह वापरावे आणि तुमच्याकडे ते खरोखर म्हटले गेले असेल तरच वापरावे.

आमच्या फोटोत जोडणारी वस्तू समोरच होती. केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, म्हणून मी पाटाशेजारी पदर पसरून बसले होते. नाभिक काकांनी पहिली बट कापली, ती माझ्या पदरात आली आणि त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तोवर तो मशीनच्या आवाजाला रडत होता. आता त्याला कळले की आपली एक वस्तू आपल्याकडून काढून आत्याकडे गेली आहे. त्याने बोट दाखवले आणि हुंदके देत ती परत लावून मागितली. त्या मागणीत पदराची रीतही आली, रडणेही आले आणि हसूही आले.

पाचवी पायरी: मसुदा लिहा आणि मोडा

माझा पहिला मसुदा असा होता: ‘सोळा संस्कारांपैकी एक असलेला चूडाकर्म संस्कार आज आमच्या छोटूवर मोठ्या उत्साहात संपन्न झाला. परंपरेप्रमाणे मामाच्या मांडीवर बसून छोटूने केस अर्पण केले. पण छोटूला मात्र हे काही आवडले नाही!’ वाचायला बरा वाटतो, पण फोटोसमोर धरला की उघडा पडतो. ‘उत्साहात संपन्न झाला’ हे पत्रिकेतले बोलणे आहे आणि फोटोतल्या मुलाकडे पाहता ते खरेही नाही. तिसऱ्या वाक्यातला ‘पण’ विधी आणि मूल यांना एकमेकांसमोर उभे करतो. शिवाय ‘आवडले नाही’ यात काहीच दिसत नाही.

दुसरा मसुदा मी धाकट्या भावाच्या आग्रहाखातर नागपुरी बोलीत केला: ‘अवो मामा, काय करून रायले तुम्ही? सोडा ना मले!’ हे वाचून सगळे हसले. आपल्या बोलीतली ओळ फोटोखाली फार गोड दिसते आणि ज्या घरात रोज असे बोलतात त्यांनी ती जरूर लिहावी. आमच्या घरी मात्र छोटू असे बोलत नाही, आणि त्याने खरोखर जे म्हटले होते ते यापेक्षा चांगले होते. मूल बोलते असेल, तर त्याच्या तोंडी आपले वाक्य घालू नये. त्याचेच घ्यावे, बोबडे असेल तर तसेच ठेवावे.

तिसऱ्या वेळी मी त्याच्या शब्दांपासून सुरुवात केली:

‘आत्या, माजे केश लावून दे!’
काल आमच्या छोटूचं जावळ झालं. मामाच्या मांडीवर बसून रडला, मामाचा अंगठा काही सोडला नाही. पहिली बट आत्याच्या पदरात पडली, तेव्हा ती परत लावून मागितली. टाळूवर गंधाचं स्वस्तिक उमटलं आणि गडी एकदम शांत. केस पदरात जपून ठेवलेत, छोटू. पण लावून देता येत नाहीत रे बाळा.

आता बांधणी पाहा. मुलाचे वाक्य सर्वांत वर आहे, कारण फोनच्या पडद्यावर फोटोखालच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचे वाचायला बोट लावावे लागते. वर ‘चूडाकर्म संस्कार’ असता, तर पुष्कळांनी बोट लावलेच नसते. विधीचे नाव दुसऱ्या ओळीत एकदाच येते. मांडी, पदर आणि स्वस्तिक या तीन रीती आहेत, पण त्या समजावून सांगितलेल्या नाहीत, कारण प्रत्येक रीत मुलाच्या एका कृतीला बांधलेली आहे. रडणे शेवटपर्यंत ताणलेले नाही, ते थांबल्याचेही सांगितले आहे. हे फार महत्त्वाचे आहे. मूल शांत झाले हे कळल्यावरच दूरगावची पणजी मोकळेपणाने हसते. शेवटचे वाक्य मुलाला उद्देशून आहे, त्यामुळे त्याने जे मागितले होते त्याला उत्तर मिळते.

नाभिक काकांना या ओळींत मी खलनायक केलेले नाही, हेही मुद्दाम. ‘दुष्ट काकांनी केस कापले’ अशी ओळ बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. पण जो माणूस रडत्या मुलासमोर नवे पाते उघडून, हलत्या डोक्यावर अर्धा तास एकही खरचट न येऊ देता काम करतो आणि ज्याला आपण नारळ, शिधा आणि दक्षिणा देऊन नमस्कार करतो, त्याला फोटोखाली दुष्ट म्हणणे बरोबर नाही. ‘टकलू’, ‘रडूबाई’ हेही मी गाळते. मूल दहा वर्षांनी हे वाचेल, तेव्हा त्याच्याबरोबर हसता आले पाहिजे.

शेवटची पायरी: टाकण्यापूर्वी दोघांना वाचून दाखवा

एक वाचणारा घरातला ज्येष्ठ असावा आणि एक त्या दिवशी हजर नसलेला. माझ्या आईने मसुदा ऐकून एकच दुरुस्ती सुचवली. मी ‘पहिली बट आत्याच्या पदरात पडली’ असे लिहिले होते. ती म्हणाली, ‘पडले नाहीत, तू झेललेस. पडू द्यायचे नसतात ना.’ दोन-तीन वेळा वाचल्यावर मी ‘पहिली बट आत्याने पदरात झेलली’ असे केले आणि वाक्य अधिक खरे झाले. हजर नसलेल्या मैत्रिणीने विचारले, ‘जपून ठेवलेत म्हणजे कायमचे?’ तिच्याकडे ही रीत नव्हती. आम्ही केस पुडीत बांधून कन्हान नदीत सोडणार होतो, म्हणून तिथे ‘जपून ठेवलेत’ऐवजी ‘बांधून ठेवलेत’ असे केले.

याच वेळी मुलाची ओळखही तपासावी. लाडाचे नाव पुरते. पूर्ण नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता दाखवणारी खूण हे सगळे उघड्या खात्यावर एकत्र देऊ नये. मागे घराच्या फाटकावरची पाटी दिसत असेल, तर फोटो कापावा. मंदिरात जावळ झाले असेल, तर गावाचे नाव द्यायला हरकत नाही, पण ते घरी परतल्यावर. मामाचा चेहरा फोटोत आहे, म्हणून त्यालाही विचारावे. आमचा मामा लगेच हो म्हणाला, पण अंगठ्याचा उल्लेख हवाच, अशी त्याची अट होती.

मूल वर्षाच्या आतले असेल आणि बोलत नसेल, तर पहिली ओळ त्याच्या शब्दांची मिळणार नाही. तेव्हा त्याच्या हातांकडे पाहावे. आठ-नऊ महिन्यांपासून मुले अनोळखी माणसाला बुजतात, त्यामुळे या वयात रडणे मोठे असते आणि पकड घट्ट असते. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचे जावळ अकराव्या महिन्यात झाले, तेव्हा तिने मामाच्या सदऱ्याचे वरचे बटण तोडून मुठीत धरले होते आणि मूठ आंघोळीपर्यंत उघडली नाही. त्या फोटोखाली मी एवढेच लिहून दिले:

आज बाळीचं जावळ काढलं. केस तिने दिले, बटण मामाने दिलं.